एप्रिलची सरासरी २८ तारखेपर्यंत घसरते आणि मग चढते. व्होल्टेज बरोबर, मग बेरीज चुकते आहे का?

फीडरवाला
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मुख्य पॅनेलवर लॉगर बसवलाय. R, Y, B तिन्ही फेजचं व्होल्टेज दर सेकंदाला नोंदवतो. एप्रिलच्या ३० दिवसांच्या २५,९२,००० ओळी झाल्या, प्रत्येक ओळीत तीन आकडे, सगळे `float32`. महिन्याची सरासरी काढायला एवढंच लिहिलं:

```python
a.mean(axis=0)
```

R फेजला २२९.१ आलं. पॅनेलवरचा मीटर महिनाभर २३१ च्या आसपास दिसत होता, म्हणून शंका आली. मग १ तारखेपासून त्या दिवसापर्यंतची सरासरी रोज किती होती त्याचा ग्राफ काढला. १३ एप्रिलपर्यंत रेषा २३१.२ वर जवळजवळ आडवी. तिथून हळूहळू घसरत २८ ला सकाळी २२७.५. नंतरच्या तीन दिवसांत परत चढून २२९.१. तिन्ही फेजला तोच आकार, फक्त तारखा थोड्या मागेपुढे.

२८ ला आमच्याकडे काहीच झालेलं नाही. ना शटडाऊन, ना ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला. लॉगर कॅलिब्रेट करून आणला, ठीक निघाला. ग्राफ पाहून साहेब म्हणतात वीज कंपनीला पत्र लिहा. पत्र लिहिण्याआधी म्हटलं इथे विचारू.

तर्रीपोहे
भाऊ, एप्रिलात एसी-कूलर सुरू होऊन राहिले ना सगळ्यांचे, लोड वाढला की व्होल्टेज पडतेच. आमच्या महालात तर संध्याकाळी पंखा पण मोजून फिरते.

फीडरवाला
तसं असतं तर मीटरवरही दिसलं असतं ना. शिवाय एक गंमत राहिली. फक्त R ची रांग वेगळी काढून `a[:,0].mean()` केलं तर २३१.२ येतं. तोच डेटा, तेच `mean`.

प्रज्ञा_बजाजनगर
ही शेवटची ओळ सगळ्यात आधी सांगायला हवी होती. पत्र लिहू नका. व्होल्टेज ठीक आहे, बेरीज घसरली आहे.

एक करून बघा. खरा डेटा बाजूला ठेवा आणि तेवढ्याच आकाराच्या रांगेत सगळीकडे २३० भरा:

```python
a = np.full((2592000, 3), 230, dtype=np.float32)
print(a.mean(axis=0))
print(a[:, 0].mean())
```

काय येतं ते इथे टाका. नंतर सांगते.

फीडरवाला
पहिल्याला तिन्ही फेज २२८.३ च्या जवळ. दुसऱ्याला २३०.० बरोबर. डोकं फिरलं. सगळे आकडे २३० असताना सरासरी २२८ कशी येऊ शकते?

प्रज्ञा_बजाजनगर
`float32` ला आकडा धरायला २४ बिट असतात, म्हणजे दशमानातले साधारण सात अंक. आकडा जसा मोठा होतो तशा त्याच्या पट्टीवरच्या खुणा लांब लांब पडत जातात. तुमची बेरीज २६,८४,३५,४५६ ओलांडते तेव्हा शेजारच्या दोन खुणांत ३२ चं अंतर असतं. म्हणजे बेरीज ३२-३२ च्या उडीनेच पुढे जाऊ शकते. त्यात २३० मिळवायचे तर ३२ च्या पटीतला सर्वात जवळचा आकडा २२४, म्हणून २२४ मिळतात. प्रत्येक सेकंदाला सहा व्होल्ट हवेत जातात. चूक एकदा होऊन थांबत नाही, जवळपास बारा लाख वेळा होते आणि दर वेळी त्याच दिशेने होते.

पुढे बेरीज ५३,६८,७०,९१२ च्या वर गेली की खुणांतलं अंतर ६४ होतं. आता २३० ला सर्वात जवळचा ६४ चा पट २५६. आता प्रत्येक सेकंदाला २६ व्होल्ट फुकट. सगळे २३० धरले तर ही वेळ साधारण २३,७७,००० व्या नोंदीला येते, म्हणजे २८ तारखेच्या दुपारी. तिथे सरासरी २२५.८ ला तळ गाठते आणि उरलेल्या अडीच दिवसांत २५६-२५६ च्या घासांनी २२८.३ पर्यंत वर येते. तुमच्या खऱ्या डेटात आकडे हलते आहेत आणि सरासरी थोडी जास्त आहे, म्हणून हे वळण सकाळीच आलं. २८ एप्रिलला कारखान्यात काही घडलं नाही. त्या दिवशी तुमची बेरीज २ च्या २९ व्या घातापलीकडे गेली, एवढंच.

फीडरवाला
बाप रे. आणि वर्षाची काढली असती तर?

प्रज्ञा_बजाजनगर
सगळे २३० च धरू. जुलैच्या मध्यापर्यंत, १ जानेवारीपासून मोजलं तर, सरासरी चढत चढत २५२ च्या जवळ जाते. तिथे बेरीज ४,२९,४९,६७,२९६ ला पोहोचते, खुणांतलं अंतर ५१२ होतं आणि २३० हा त्याच्या निम्म्याहूनही कमी. मिळवला तरी आकडा जागचा हलत नाही. बेरीज तिथेच गोठते, भागाकार मात्र वाढत राहतो. वर्षाअखेर १३६ व्होल्ट.

१३६ आलं असतं तर तुम्ही लगेच पकडलं असतं. २२९ फसवतं, कारण ते खरं वाटतं.

अर्धबिंदू
थोडं वेगळं मत मांडतो. राउंडिंगच्या चुका कधी वर कधी खाली होतात, त्यामुळे बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. सांख्यिकीत हे शिकवलंय. n चुकांची बेरीज n पटीने नाही, n च्या वर्गमुळाच्या पटीने वाढते. २६ लाखांचं वर्गमूळ साधारण १६००. त्या हिशेबाने फरक ०.०२ व्होल्टच्या आसपास यायला हवा. दोन व्होल्टचा फरक म्हणजे दुसरं काहीतरी आहे. आणि मुळात आकडे लहान-मोठ्या क्रमाने लावून बेरीज केली की हा प्रश्न येत नाही.

प्रज्ञा_बजाजनगर
वर्गमुळाचं गणित बरोबर आहे, पण ते चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडतात असं गृहीत धरून. इथे तसं नाही. बेरीज ३२ च्या पायरीवर असताना २०८ ते २४० मधला कुठलाही आकडा २२४ म्हणूनच जातो. व्होल्टेजच्या जवळपास सगळ्या नोंदी त्याच पट्ट्यात आहेत आणि सरासरी पट्ट्याच्या मध्यावर नाही, वर सरकलेली आहे. एका बाजूने सतत कापलं तर खाऊन टाकायला दुसरी चूक येणार कुठून? जाता जाता हेही बघा, की त्या दोन आठवड्यांत २१५ चा डिप आणि २३८ चा उंचवटा बेरजेला एकच वाटत होता.

क्रम लावण्याचं म्हणाल, तर आकडे फार लहान आणि फार मोठे मिसळलेले असतील तेव्हा उपयोग होतो. वरच्या चाचणीत सगळे २३० च होते. ते कुठल्या क्रमाने लावणार?

अर्धबिंदू
मान्य. सगळे सारखे असले तर क्रमाला अर्थ नाही, हे लक्षात नाही घेतलं.

तर्रीपोहे
मले आता समजलं बहुतेक. आमच्या काकांचा कळमन्याला संत्र्याचा धंदा आहे. धर्मकाट्यावर ट्रक उभा राहते तेव्हा काटा २०-२० किलोने दाखवते. भरलेल्या ट्रकवर एक एक कॅरेट ठेवून त्याचं वजन कोणी काट्यावर वाचते का? येडा म्हणतील. आधी कॅरेट साध्या काट्यावर मोजतात. असंच ना?

प्रज्ञा_बजाजनगर
अगदी जवळ आलात. एक फरक आहे. धर्मकाट्यावर कॅरेटचं वजन दिसलं नाही तरी ते ट्रकमध्ये असतंच, दहा कॅरेट ठेवली की काटा हलतो. आपल्या बेरजेत न दिसलेला भाग तिथल्या तिथे फेकला जातो, पुढच्या नोंदीला त्याची आठवण नसते.

पण उपाय तुमच्या काकांचाच. भरल्या ट्रकवर एक कॅरेट टाकायचं नाही, सारख्याला सारखं मिळवायचं. यादीचे दोन अर्धे करा, प्रत्येकाची वेगळी बेरीज करा, शेवटी दोन बेरजा मिळवा. अर्ध्याची बेरीज कशी करायची? त्याचेही दोन अर्धे करून. खाली एकेक आकडा उरेपर्यंत. याला पेअरवाइज समेशन म्हणतात.

फरक कुठे पडतो ते बघा. एकामागून एक बेरजेत पहिली नोंद २५,९१,९९९ वेळा राउंडिंगच्या खालून जाते. अर्ध्या-अर्ध्याच्या बेरजेत कुठलीही नोंद फार तर २२ बेरजांतून वर येते, कारण २६ लाख हा आकडा २२ वेळा निम्मा केला की एकावर येतो. प्रत्येक बेरजेत चूक फार तर साधारण एक कोटी ६८ लाखांत एक भाग. २२ वेळा, आणि सगळ्या एकाच दिशेने, तरी २३० व्होल्टवर ०.०००३ व्होल्ट. वाईटात वाईट धरून.

२३० च्या चाचणीत तर चूक शून्य. २५,९२,००० म्हणजे २५६ गुणिले १०,१२५. आठ वेळा निम्मे केलं की १०,१२५ नोंदींचे सारखे गठ्ठे उरतात, प्रत्येकाची बेरीज २३,२८,७५०. ती दीड कोटीच्या आत आहे, म्हणजे खुणा अजून एक किंवा त्याहून कमी अंतरावर आहेत आणि काहीच कापलं जात नाही. वर येताना फक्त दुप्पट होत जाते, आणि बायनरीत दुप्पट करताना काही सांडत नाही.

फीडरवाला
हे समजलं. पण NumPy हेच करतं असं मी वाचलं होतं. मग मला फटका का?

प्रज्ञा_बजाजनगर
करतं, पण मेमरीत लागून असलेल्या दिशेने बेरीज चालली असेल तरच. तुमच्या रांगेत R, Y, B शेजारी-शेजारी बसलेत. `axis=0` म्हटल्यावर ते ओळ उचलतं, तीन आकडे तीन बेरजांत टाकतं, पुढची ओळ घेतं. वेगासाठी ते योग्यच आहे, मेमरी सरळ वाचली जाते. पण त्या तीन बेरजा एकामागून एक अशाच वाढतात. `a[:,0]` वेगळी काढली की एकच रांग राहते आणि पेअरवाइज चालू होतं. चूक लपलेली नाही, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. आपण वाचत नाही.

तेही अगदी एकेका आकड्यापर्यंत फोडत नाही बरं का. १२८ चा गठ्ठा झाला की थांबतं आणि तेवढे आठ वेगवेगळ्या बेरजांत साधेपणाने मिळवतं. एकापर्यंत फोडलं तर बेरजेपेक्षा फंक्शन बोलावण्यातच वेळ जाईल. १२८ मिळवताना होणारी चूक इतकी लहान, की वाचलेला वेळ परवडतो.

तुमच्यासाठी सरळ उपाय:

```python
a.mean(axis=0, dtype=np.float64)
```

डेटा `float32` च राहतो, फक्त बेरीज ५३ बिटांत होते. २६ लाख नोंदींना ते भरपूर.

सोसायटीचा_खजिनदार
हाच त्रास आम्हाला आहे! आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या एक्सेलमध्ये वर्षाची बेरीज ३ पैशांनी जुळत नाही. ऑडिटरने शेरा मारला. अर्धे-अर्धे करून बेरीज लावून पाहू का?

प्रज्ञा_बजाजनगर
तुमचा आजार वेगळा आहे. एक्सेल ६४ बिटांत मोजतं. काहीशे पावत्यांत बेरजेमुळे ३ पैसे जाणार नाहीत. बहुतेक एखाद्या स्तंभात भागाकार आहे, म्हणजे पाण्याचं बिल भागिले फ्लॅट वगैरे. दिसताना दोन दशांश दिसतात, आत लांबलचक अपूर्णांक आहे, आणि पावतीवर गोल केलेला आकडा छापलाय. प्रत्येक पावतीला `ROUND` लावा, मग बेरीज करा. अर्धे-अर्धे करून काही फरक पडणार नाही.

सोसायटीचा_खजिनदार
पाण्याचंच बिल आहे. ४८ फ्लॅट. धन्यवाद, रविवारी मीटिंगच्या आधी बघतो.

खटपट्या
माझा प्रश्न जरा तिरका आहे. `float64` म्हणणं पीसीवर सोपं आहे. मी ESP32 वर लॉगर बनवतो. त्यातलं हार्डवेअर फक्त `float` जाणतं, `double` सॉफ्टवेअरने चालतं आणि हळू चालतं. शिवाय माझ्याकडे यादीच नाही. नोंद आली, मिळवली, गेली. २६ लाख आकडे ठेवायला रॅम कुठून आणू? अर्धं कशाचं करायचं?

मी आत्ता काहानची पद्धत वापरतो, सांडलेला भाग दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपणारी. चालत होती. वेगासाठी `-ffast-math` लावलं आणि उत्तर परत साध्या बेरजेसारखं यायला लागलं.

प्रज्ञा_बजाजनगर
काहान यांची १९६५ ची युक्ती पूर्णपणे एका वजाबाकीवर उभी आहे. शाळेतल्या बीजगणिताने ती वजाबाकी शून्य येते. `-ffast-math` म्हणजे कंपायलरला दिलेली परवानगी, की शाळेतलं बीजगणित खरं धर. तो शून्य बघतो आणि ओळ काढून टाकतो. तो फ्लॅग काढा, किंवा निदान त्या फाइलपुरता काढा.

आणि यादी नसतानाही अर्धे-अर्धे करता येतं, फक्त खालून वर. एक नोंद आली, ठेवा. दुसरी आली, दोन्ही मिळवून दोनचा गठ्ठा. असे दोनचे दोन गठ्ठे झाले की चारचा एक. सारख्या आकाराचे दोन गठ्ठे कधीच एकत्र पडू द्यायचे नाहीत. बायनरीत एक मिळवताना हातचा जसा पुढे जातो तसं:

```c
float slot[32];
uint32_t n = 0;

void add(float x) {
    uint32_t m = n++;
    int k = 0;
    while (m & 1) {
        x += slot[k++];
        m >>= 1;
    }
    slot[k] = x;
}
```

बेरीज हवी तेव्हा `n` मधले जे बिट १ आहेत त्यांचेच `slot` लहानापासून मोठ्याकडे मिळवा. बाकीच्या खान्यांत जुना कचरा असतो, त्याला हात लावायचा नाही. महिन्याला २२ खाने पुरतात, म्हणजे ८८ बाइट. दर नोंदीला सरासरी एकच बेरीज पडते, कारण निम्म्या वेळा `while` मध्ये शिरायचीच गरज नसते.

खटपट्या
आज रात्री सगळे २३० देऊन चालवतो... (थोड्या वेळाने) चाललं. बरोबर ५९,६१,६०,०००. आणि वाचायला काहानपेक्षा सोपं आहे. एक गोष्ट आपटली. पहिल्यांदा शेवटची बेरीज करताना मी ३२ ही खाने मिळवले, म्हणून दीडपट-पावणेदोनपट असलं काहीतरी येत होतं. कचऱ्याचं तुम्ही लिहिलं होतं ते नंतर वाचलं.

छतावरचं_ऊन
मनीषनगरला छतावर सोलर आहे. मी ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली पॉवर एकाच रांगेत ठेवतो, घेतली तर अधिक, दिली तर उणे. एप्रिलात जवळजवळ बरोबरी होते. निव्वळ युनिट काढताना उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं. पेअरवाइज लावलं तरी शेवटचे अंक हलतात. मग काय फायदा?

प्रज्ञा_बजाजनगर
तुमच्याकडे पेअरवाइजची खरी मर्यादा दिसते. वर मी चूक सांगितली ती सगळ्या आकड्यांची चिन्हं काढून टाकून केलेल्या बेरजेच्या तुलनेत. व्होल्टेज सगळे अधिक, म्हणून तीच खरी बेरीज होती. तुमच्याकडे घेतलेले आणि दिलेले मिळून मोठा आकडा, आणि निव्वळ त्याच्या हजाराव्या भागाएवढा. चूक मोठ्या आकड्याच्या मापाने होते आणि उरते लहान आकड्यावर. हजारपट मोठी दिसते. अर्धे-अर्धे केल्याने ती साध्या बेरजेपेक्षा खूप कमी होते, पण वजाबाकीने आकारच उडाला तर त्याला इलाज नाही. पायथॉनमध्ये असाल तर `math.fsum` वापरा. ते कुठलाही तुकडा न सांडता सगळं धरतं आणि शेवटी एकदाच गोल करतं. हळू आहे, पण तुमचा डेटा लहान असेल.

अर्धबिंदू
घेतलेली आणि दिलेली वेगवेगळी बेरीज करून शेवटी एकदाच वजा केली तर?

प्रज्ञा_बजाजनगर
दोन्ही बेरजा आपापल्या परीने चांगल्या येतील, शेवटच्या वजाबाकीत त्यांच्या चुका तशाच उरतील. गणिताने फार फरक नाही. पण बिलाशी ताळा करायला दोन आकडे हातात असतात, म्हणून मी तरी वेगळेच ठेवीन.

छतावरचं_ऊन
`fsum` ने आकडा स्थिर झाला. तरी बिलाशी ४ युनिटचा फरक आहे.

खटपट्या
तो बेरजेचा नसेल. तुमचा सेन्सर आणि त्यांचा मीटर एकाच वेळी वाचतात का? ढग आला-गेला तर मधल्या सेकंदांत बरंच काही होतं.

छतावरचं_ऊन
माझा ५ सेकंदांनी एकदा वाचतो. बघावं लागेल. दर सेकंदाला केलं तर कार्ड लवकर भरतं.

फीडरवाला
माझ्याकडून शेवटचं. `dtype` लावून ग्राफ परत काढला. महिनाभर २३१.२, रेषा सपाट. साहेबांना दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न, "मग मार्चचा रिपोर्ट?" तो याच कोडने काढला होता आणि पुण्याला हेड ऑफिसला गेलाय. फेब्रुवारीचाही. जानेवारीत लॉगर २० तारखेला बसवला, तेवढ्या नोंदींत चूक दिसण्याइतकी झाली नसावी.

एक मात्र अजून सुटलं नाही. हेड ऑफिसचा माणूस त्याच फाइलवर स्वतःच्या प्रोग्रामने सरासरी काढतो आणि त्याला सहाव्या अंकात वेगळं येतं. तो म्हणतो माझं बरोबर.

प्रज्ञा_बजाजनगर
त्याचा प्रोग्राम गठ्ठे वेगळ्या आकाराचे करत असेल किंवा चार थ्रेडवर वाटत असेल. मिळवण्याचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. `float32` च्या सहाव्या-सातव्या अंकावरून भांडण्यात अर्थ नाही. तो नेमकी कशात बेरीज करतो ते विचारा. `float64` म्हणाला आणि तरी सहाव्या अंकात फरक असेल, तर मात्र दोघांच्या फाइलींत ओळी सारख्या आहेत का ते आधी मोजा.

फीडरवाला
मोजल्या. त्याच्याकडे २५,९१,९४१.

तर्रीपोहे
५९ सेकंद कुठं गेले राजेहो?